भिंतीपासून वीतभर

त्या घरात साहेबांच्या पुस्तकांना हात लावायचा नाही, असा नियम होता. नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा तो जास्त कडकपणे पाळला जायचा. साहेब म्हणजे सासरे. हयातभर न्यायाधीश होते आणि जाताना मागे एक खोली ठेवून गेले: दोन बाजूंना भिंतीला घट्ट चिकटवलेली काचेची कपाटं, कपाटांत सोनेरी अक्षरांचे कायद्याचे जाडजूड ग्रंथ, मध्ये मेज, आणि मेजावर त्यांचा चष्मा, जणू ते आत्ता हात धुवायला उठून गेलेत.

साहेब गेल्यापासून सासूबाईंनी त्या खोलीची सेवा धरली होती. सकाळी आंघोळ झाली की बादलीभर पाणी घेऊन त्या आत जायच्या. फरशी पुसायची, मग तेच फडकं पिळून कपाटांच्या पायांवरून, खालच्या फळीवरून, काचांवरून फिरवायचं. कोपऱ्यातल्या कपाटावर साहेबांची तसबीर होती, तिच्यापुढे काचेच्या पेल्यात ताजी फुलं ठेवायची. एखाद्या दिवशी पेला हिंदकळायचा, पाणी कपाटामागे ओघळायचं. सासूबाई हात जोडून म्हणायच्या, "तुम्हालाच अर्पण." मग खिडकी लावायची, कारण खिडकीतून धूळ येते. दार लावायचं, कारण दारातून माणसं येतात. खोली दुसऱ्या सकाळपर्यंत बंद.

"घरात काही झालं तरी एक दिवस चुकवलेला नाही मी," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. आणि ते खरं होतं. तापात फणफणत असतानासुद्धा त्यांनी बादली सोडली नव्हती.

धाकटी सून या घरात आली ती स्वतःची पुस्तकं घेऊन. तिच्या वडिलांचं कादंबऱ्या भाड्यानं देण्याचं दुकान होतं, एका ओलसर गल्लीतलं, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढंच. वडील गेले, दुकान गेलं, उरला एक लोखंडी रॅक आणि त्यावर मावतील तेवढ्या कादंबऱ्या. कडांनी मऊ झालेल्या, पाठीला चिकटपट्ट्या लावलेल्या, पहिल्या पानावर शेकडो हातांचे ठसे घेऊन फिरलेल्या.

त्या रॅकला घरात खोली मिळाली नाही. व्हरांडा मिळाला. तिथंही धाकटीनं तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवला, त्यामुळे येताजाता सगळ्यांच्या कोपरांना तो लागायचा.

"तुझ्या रॅकचं भिंतीशी भांडण झालंय का गं?" थोरल्या दिरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते वकील. वरच्या मजल्यावर राहायचे आणि खाली फक्त प्रश्न विचारायला उतरायचे.

"मागून हात फिरवता यावा म्हणून, दादा."

"मागे काय आहे हात फिरवायला?"

"काही नाही ना, तेच बघायला."

दादांनी धाकटीच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पेपरात तोंड घालून बसला होता. भांडणाची चाहूल लागली की त्याला पेपर फार महत्त्वाचा वाटायचा.

धाकटीच्या सवयी दुकानातल्या होत्या. सगळ्यात खालची फळी फरशीपासून चांगली उंच. फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरायचं नाही, कसरीला, कागद खाणाऱ्या किडीला, तो आयता बिछाना. पुस्तकं ठासून भरायची नाहीत, बोट सहज शिरेल इतकी सैल. घरात आलेला खोका त्याच दिवशी घराबाहेर. पुसायचं ते कोरड्या फडक्यानं. आणि कुणी पुस्तक परत आणलं की ते उघडून दोन्ही तळव्यांत धरून फटकन मिटायचं, पुन्हा एकदा फटकन, मग पानं अंगठ्याखालून सरसर सोडायची. आत काही लपलं असेल तर बाहेर पडतं. तिचे वडील हे करताना गिऱ्हाइकाशी गप्पा मारत असायचे, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं की दुकानदाराला पुस्तक परत आल्याचा आनंद झाला म्हणून तो टाळ्या वाजवतोय.

शेजारपाजारच्या बायका रॅकवरून पुस्तकं न्यायच्या, आणायच्या. शेजारची शिवणकामवाली तर मशीन चालवता चालवता वाचायची. पुस्तकांतून दोऱ्याचे तुकडे निघायचे.

"घर आहे का पाणपोई?" सासूबाई म्हणायच्या. "साहेबांना कादंबऱ्या अजिबात आवडायच्या नाहीत. वेळ जायचा धंदा, म्हणायचे."

धाकटी मान हलवायची. मनात म्हणायची, वेळ तर बंद खोलीतही जातोच की.

असं सगळं आपापल्या जागी चाललं असताना विधी महाविद्यालयातून निरोप आला. साहेबांच्या नावानं वाचनकक्ष उघडायचं ठरलं होतं. साहेबांची ग्रंथसंपदा तिथं कायमची ठेवायची, मोठा समारंभ करायचा, पाहुणे बोलवायचे. ग्रंथ बघायला त्यांच्या ग्रंथपालबाई येणार होत्या.

घराचा कणा एकदम ताठ झाला. दादा दिवसातून चारदा खाली उतरू लागले. पडदे धुतले, दाराच्या कड्या घासल्या. शेवटी दादा व्हरांड्यात येऊन थांबले, कोपर चोळत म्हणाले, "हे मात्र जायला हवं."

"काय?" धाकटीनं विचारलं, माहीत असूनही.

"हे काय, हे. पाहुणे साहेबांच्या खोलीत जाणार ते या रद्दीला वळसा घालून? समारंभाच्या आधी रद्दीवाल्याला बोलवू. तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, त्यात वाचनीय असं काही नाहीच."

आणि त्याच क्षणी, जणू दादांच्या बाजूनं साक्ष द्यायला, फरशीवरून एक कसर पळत गेली. चांदीसारखी, माशासारखी वळवळत.

"बघ! बघ!" दादांनी बोट रोखलं. "कीड! ही तुझ्या कादंबऱ्यांतली घाण आता साहेबांच्या ग्रंथांत शिरणार. आई, जरा इकडे या. बघा, घरात काय सांभाळलंय ते."

सासूबाई आल्या, तोवर कसर रॅकखाली गेली होती. त्यांनी रॅककडे पाहिलं, मग सुनेकडे. "अगं, आधी का नाही बोललीस? साहेबांच्या पुस्तकांना काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आई, ती रॅककडून आली नाही. रॅककडे गेली. साहेबांच्या दाराखालून आली ती."

दादा हसले, न्यायालयात खोट्या साक्षीदाराकडे पाहून हसतात तसे.

"म्हणजे साहेबांच्या खोलीत कीड आहे, असं म्हणायचंय तुला?"

"एकदा कपाट उघडून बघू या ना, दादा. नुसतं बघायला."

"साहेबांच्या कपाटाला हात लावायचा?" सासूबाईंचा आवाज एवढा बारीक झाला, की धाकटीनं पुढचं वाक्य गिळून टाकलं.

ती गप्प बसली खरी, पण डोळे गप्प बसेनात. साहेबांच्या खोलीच्या चौकटीवर, खाली, एक उंचवटा होता. भिंतीतून निघून चौकटीवर चढलेली बोटाएवढी वळणावळणाची रेघ. दरवर्षी रंगारी येऊन तिच्यावरून ब्रश फिरवून गेला होता, त्यामुळे ती चौकटीचीच नक्षी असावी अशी वाटायची. धाकटीनं केसांतली पिन काढून तिचा एक तुकडा खरवडला. रंगाखाली माती होती. कोरडी, दाणेदार. आतून पोकळ.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा पुन्हा जोडलेला होता. नव्या, ओल्या मातीनं.

तिनं नवऱ्याला बोलावून दाखवलं. "ही वाळवीची वाट आहे. जिवंत आहे. मोडली की ती दुरुस्त करते."

"रंगाचा पोपडा असेल," नवरा म्हणाला.

"पोपडा रात्रीतून स्वतःची डागडुजी करतो का?"

नवऱ्यानं वाकून पाहिलं, सरळ झाला, इकडे तिकडे पाहिलं. "खरं असेल तुझं. पण आता नको ना. समारंभ होऊ दे. महाविद्यालयात गेली पुस्तकं की मग त्यांचं ते बघतील."

"आणि माझा रॅक?"

त्यानं खिशात पेपर शोधला. खिशात पेपर नव्हता. "बघतो मी दादाशी बोलून," म्हणाला, आणि ज्या वेगानं गेला त्यावरून तो कुणाशीही बोलणार नाही हे तिला कळलं.

रद्दीवाल्याला निरोप गेला. धाकटी रोजच्यासारखी कोरडं फडकं फिरवत राहिली. बापाच्या दुकानातलं आता हे एवढंच उरलं होतं. तेही रद्दीच्या तराजूवर चढणार, या विचारानं पुस्तकं फटकन मिटताना तिचे हात जरा जास्तच जोरात पडत होते.

रद्दीवाल्याच्या आधी ग्रंथपालबाई आल्या. ठेंगण्या, चष्मा दोरीला बांधलेला, हातात कापडी पिशवी. दादांनी स्वागताचं छोटं भाषण तयार ठेवलं होतं. ते दाराशी सुरू झालं आणि बाई आत चालत्या झाल्यामुळे व्हरांड्यात पोचेपर्यंत संपवावं लागलं.

सासूबाईंनी दार उघडलं. बंद खोलीचा दमट, गोडसर वास बाहेर आला. सासूबाईंना तो पावित्र्याचा वास वाटायचा. बाईंनी नाक वर केलं आणि चष्मा लावला.

"बघा," दादा म्हणाले, "आमच्या आईंनी एकही दिवस..."

पण बाई ग्रंथांकडे बघतच नव्हत्या. त्या फरशीवर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी कपाटाच्या खालच्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग जरा वर. मग बाजूला. समोरच्या सागवानावर आवाज भरीव येत होता. बाजूला, भिंतीलगत, रिकाम्या डब्यावर वाजवावं तसा येऊ लागला.

"कपाटाची पाठ कशाची आहे?"

"सागवानी कपाट आहे, मॅडम. साहेबांनी खास करून घेतलं होतं," दादा म्हणाले.

"पुढून सागवानी आहे. पाठ विचारतेय."

कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांच्या कपाटाची पाठ पाहायचा अधिकार आजवर कुणी मागितला नव्हता.

"किल्ली?"

किल्ली सासूबाईंच्या कमरेला होती. ती त्यांनी सोडून बाईंच्या हातावर ठेवली. कुलूप कुरकुरलं, काचेचं दार उघडलं. आत ग्रंथ रांगेत उभे, खांद्याला खांदा लावून इतके दाटीनं, की हवेलाही परवानगी घ्यावी लागली असती. सोनेरी अक्षरं लखलखत होती. कोपऱ्यांत कापडाच्या पुरचुंड्या होत्या. बाईंनी एक उचलून दाबली. त्यात कधी काळी डांबराच्या गोळ्या होत्या. आता नुसती पुरचुंडी होती.

"बघा, कसे जपलेत," दादा म्हणाले.

बाईंनी एका ग्रंथाची पाठ धरून तो ओढला. पाठ हातात आली. सोनेरी अक्षरांसकट, अगदी नीट. मागचा ग्रंथ आला नाही, कारण मागे ग्रंथ नव्हता. मातीची एक वेडीवाकडी जाळी होती, तिच्यात कागदाच्या कडा अडकलेल्या, आणि उजेड पडताच पांढुरके जीव भराभर आत सरकत होते.

बाईंनी दुसरा ओढला. तिसरा. पुढून सगळं न्यायासनासारखं भारदस्त, मागून वारूळ. कपाटाची पाठ प्लायवुडची होती, किंवा आता नव्हती. समोरच्या भिंतीजवळच्या कपाटात वाळवी पोचली नव्हती, तिथं कसरीचं राज्य होतं. पुठ्ठ्यांवरचा चकाकता थर खरवडून नेलेला, बांधणीतली खळ चाटून पुसून साफ, पानांवर नकाशासारखी छिद्रं.

"एवढं मन लावून हे ग्रंथ कुणी वाचलेले पहिल्यांदाच बघतेय," बाई म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या, दमल्या होत्या. त्यांच्या नोकरीत अशी कपाटं पुष्कळ उघडावी लागत असावीत.

दादांना आधी आवाज फुटला. वकिलाला फुटतोच. "हे बाहेरच्या कादंबऱ्यांमुळे झालंय. मी सांगत होतो! व्हरांड्यात कीड पाळून ठेवलीय."

"दाखवा," बाई म्हणाल्या.

सगळे व्हरांड्यात आले. बाईंनी रॅकला वळसा घातला, भिंत आणि रॅकच्या मधून हात फिरवला, बोटं पाहिली. खालच्या फळीखाली डोकावल्या. मग एक कादंबरी काढून, काही न विचारता, दोन्ही तळव्यांत धरून फटकन मिटली, पुन्हा फटकन, आणि पानं अंगठ्याखालून सरसर सोडली. दोऱ्याचा एक तुकडा पडला. बाकी काही नाही.

धाकटी एक पाऊल पुढे आली. तो आवाज तिनं दुसऱ्या कुणाच्या हातून बापानंतर ऐकला नव्हता.

"हा कुणी लावलाय?"

"मी," धाकटी म्हणाली.

"छान आहे. कीड आतून बाहेर आली आहे, बाहेरून आत गेलेली नाही." मग त्या दादांकडे वळल्या. "वाळवी जमिनीतून आली, पण ती अशी टिकून राहायला ओल लागते. कसरीलाही लागते. त्या खोलीत पाणी कुठून येतं?"

दादा कपाळाला आठ्या घालून छताकडे बघत होते. नवरा भिंतीकडे. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात सकाळचं फडकं तसंच होतं, ओलं. त्यातून एक थेंब फरशीवर पडला.

धाकटीनं तो पाहिला. तिला माहीत होतं. एक वाक्य बोलली असती तर रॅक सुटला असता. दादांचं तोंड बंद झालं असतं, रद्दीवाला रिकाम्या हातानं गेला असता. ते वाक्य अगदी जिभेवर होतं. मग तिनं सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या अजून ग्रंथांकडेच बघत होत्या. त्यांना पाण्याचा प्रश्न ऐकूच आला नव्हता.

"मागे न्हाणीघर आहे," धाकटी म्हणाली. "कपाट त्याच भिंतीला लावलंय."

खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त अर्धंच होतं.

ग्रंथपालबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे पाहिलं, मग पिशवीचं तोंड बंद केलं. "असेल. कपाटं भिंतीपासून सुटी करा. ज्यांना वाळवी लागलेली नाही ती पुस्तकं वेगळी काढा, सावलीत पसरून हवा द्या, घरातल्या दुसऱ्या पुस्तकांजवळ नेऊ नका. भिंत आणि जमीन जाणकाराकडून औषध घालून घ्या. आणि खिडकी उघडा हो. पुस्तकांचाही जीव गुदमरतो."

न्हाणीघर सापडल्यावर दादांनी लगेच निकाल दिला: दोष न्हाणीघराचा. न्हाणीघरावर खटला भरता येत नसल्यामुळे तो विषय तिथंच मिटला. रद्दीवाल्याला दिलेला निरोप मात्र कायम राहिला.

दुसऱ्या दिवशी औषधवाले आले. भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून आत औषध भरू लागले. खोली रिकामी झाली. सासूबाई नेहमीच्या वेळी आंघोळ करून बादली घेऊन आल्या आणि दाराशी थबकल्या. आत जायला मनाई होती. मग व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसल्या, बादली पायाशी.

धाकटी रॅक झटकत होती.

"न्हाणीघर तर साहेब असतानाही होतं गं," सासूबाई एकाएकी म्हणाल्या. "तेव्हा काही झालं नव्हतं."

धाकटीचा हात थांबला.

"तेव्हा साहेब रोज पुस्तकं काढायचे, आई. मांडायचे, परत ठेवायचे. खिडकी दिवसभर उघडी असायची."

"हं." सासूबाईंनी बादलीकडे पाहिलं. "आणि फरशी कोण पुसायचं? कोरडा झाडू मारायची मोलकरीण. साहेब पाणी नेऊ द्यायचे नाहीत आत. ओरडायचे. मला वाटायचं, तापट आहेत."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे मीच."

"तुम्ही नाही, आई. पाणी."

"पाणी काय आपल्या पायानं चालत गेलं?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो ऐकवेना. "इतकं मनापासून केलं गं. देवाचं केलं नसेल एवढं. आणि काय, वाळवीला पाणी पाजलं."

धाकटीनं हातातली कादंबरी त्यांच्या मांडीवर ठेवली. "जरा झटकून द्या ना. माझे हात भरून आलेत. पानं मोकळी करायची फक्त."

सासूबाईंनी पुस्तक असं धरलं, जणू कुणाचं तान्हं बाळ असावं आणि तेही ओळखीचं नसावं. फटकन मिटलं. दचकल्या. पुन्हा मिटलं. मग पानं सोडू लागल्या, अंगठ्याखालून सरसर. मग सरसर जरा हळू झाली. मग थांबली.

"झालं का?" थोड्या वेळानं धाकटीनं विचारलं.

"देतेय ना हवा."

दुपारी स्वयंपाक झाला, जेवणं झाली, सासूबाई पुन्हा व्हरांड्यात. त्याच पुस्तकाला हवा देत होत्या. चष्मा आणायला मात्र आत जाऊन आल्या होत्या.

"आई, वाचताय?" नवऱ्यानं जाता जाता विचारलं.

"वाचत नाही. हवा देतेय," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

इकडे दादांची झोप उडाली होती. वाचनकक्ष जाहीर झाला होता, निमंत्रणं गेली होती, नावाची पाटी रंगवून आली होती. ग्रंथसंपदा म्हणून दाखवायला मात्र चार-पाच भोकं पडलेले खंड सोडले तर काही उरलं नव्हतं. दोन दिवस वरच्या मजल्यावर येरझारा ऐकू येत होत्या. तिसऱ्या दिवशी दादा खाली उतरले ते प्रसन्न चेहऱ्यानं.

"मी विचार केला," व्हरांड्यात उभं राहून ते म्हणाले, "की आपण यांना रद्दी म्हणणं चूक होतं."

धाकटी सावध झाली. दादांनी चूक कबूल करावी, याचा अर्थ काहीतरी मोठं मागायचं असणार.

"साहेबांच्या घरातली पुस्तकं ती साहेबांची ग्रंथसंपदा. कायद्यानं बघितलं तरी तेच. तिथं दोन काचेची कपाटं तयार आहेत. कपाटांत मावतील एवढ्या आहेत कादंबऱ्या. वर लाल पुठ्ठे चढवून घेऊ, सोनेरी अक्षरं टाकून घेऊ. कुलूपबंद राहतील, भिंतीत बसवलेली कपाटं आहेत, हलायची भीती नाही. तुझ्या वडिलांच्या पुस्तकांचा केवढा मान!"

"पण दादा, तिथं कुणी ती वाचणार नाही."

"अगं, म्हणून तर टिकतील!"

धाकटीला हसावं की रडावं ते कळेना. कालपर्यंत रॅक अपमानानं जाणार होता, आता सन्मानानं जाणार होता. दोन्ही वाटा एकाच दारातून बाहेर पडत होत्या. पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी लाल पुठ्ठ्यांमागे काय उरेल, ते तिला आत्ताच दिसत होतं.

"नाही द्यायची मला," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. पण या घरात आल्यापासून ते तिचं पहिलंच 'नाही' होतं. नवऱ्यानं पेपर खाली केला.

"नाही म्हणजे?" दादा म्हणाले. "साहेबांच्या नावाचा प्रश्न आहे. उद्या सकाळी टेम्पो येतोय."

आणि खरंच आला. दोन हमाल उतरले. दादा त्यांना रॅक कुठून धरायचा ते सांगू लागले. धाकटी रॅकपुढे उभी राहिली, दोन्ही हात मागे फळीवर टेकून. नवरा आला आणि, आश्चर्य, तिच्या शेजारी उभा राहिला. बोलला काही नाही, पण उभा राहिला.

"बाजूला व्हा दोघं. तमाशा नको," दादा म्हणाले. "आई, तुम्ही सांगा यांना. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत."

सासूबाई खुर्चीत होत्या. पुस्तक मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"आई!"

"अरे, थांब जरा. शेवटची दोन पानं राहिलीत."

हमाल थांबले. दादा थांबले. टेम्पोवाला बाहेरून हॉर्न वाजवून थांबला. सासूबाईंनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग पुस्तक मिटलं.

"तो परत येतो का गं?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"कोण?"

"कोण काय! तो, जहाजावर गेलेला. इथं तर नुसतं पत्र येतं आणि संपतंच. ती बिचारी दारात उभी."

"पुढच्या भागात आहे, आई. हा पहिला भाग होता."

"मग दुसरा दे की."

धाकटीनं रॅकवर नजर फिरवली, फळीवरची रिकामी जागा दाखवली. "तो बाहेर गेलाय. शेजारी, शिवणकामवालीकडे."

"आणि तिसरा?"

"तिसरा आहे इथंच."

सासूबाईंनी दादांकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. "हे टेम्पोत कुठं चाललंय?"

"आई, कालपासून सांगतोय, साहेबांच्या वाचनकक्षात. कपाटांत ठेवायला."

"कुलूप लावून?"

"अर्थात. सुरक्षित."

"आणि मग दुसरा भाग मागायला मी कुठं जाऊ? महाविद्यालयात अर्ज करू?"

"आई, साहेबांच्या नावाचा प्रश्न आहे!"

"साहेबांच्या नावाची पाटी आहे ना? लावा पाटी. खुर्च्या ठेवा, टेबलं ठेवा, मुलं बसतील. त्या चष्मेवाल्या बाई जाताना मला म्हणाल्या की मुलांना बसायला जागा नाही. कादंबऱ्या मागितल्या नव्हत्या त्यांनी." सासूबाई खुर्चीतून उठल्या. "रॅक हलायचा नाही. माझं अजून अर्धं वाचून व्हायचंय."

वकिलाकडे प्रत्येक मुद्द्याला उत्तर असतं. याला नव्हतं. न्याय, हक्क, मालकी, वारसा, यांतलं काहीच सासूबाईंनी पुढे केलं नव्हतं. जहाजावर गेलेला एक माणूस परत येतो की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावर कुठलाही पूर्वनिकाल उपलब्ध नव्हता.

"तू असा उभा का?" सासूबाई दादांना म्हणाल्या. "मोकळाच आहेस तर जा शेजारी, दुसरा भाग घेऊन ये. म्हणावं, आईंना लगेच पाहिजे."

दादा गेले. कोट घातलेले, हातात निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा, तसेच. हमाल पायरीवर बसले. शेजारच्या दाराआड शिलाई मशीनची खडखड थांबली, बोलण्याचा आवाज आला, मशीन पुन्हा सुरू झालं.

दादा रिकाम्या हातांनी परत आले.

"ती म्हणते, अजून संपलं नाही. चार दिवसांनी देईन."

"चार दिवस!" सासूबाईंना ते अतिशय अन्यायाचं वाटलं. "एवढं काय मशीनवर बसून वाचते? मेली एकेक टाका घालत वाचत असेल." मग धाकटीकडे वळून, आवाज खाली आणून, "तोवर दुसरं काही आहे का गं? फार जाड नको. पण फार बारीकही नको."

टेम्पोवाला आत डोकावला. "साहेब, भरायचं काय मग?"

दादांनी मेज दाखवलं, चार खुर्च्या दाखवल्या, साहेबांची तसबीर स्वतः उचलून घेतली. टेम्पो निघाला तेव्हा सासूबाई व्हरांड्यात रॅकसमोर उभ्या होत्या, मान तिरकी करून पुस्तकांची नावं वाचत. धाकटीनं दोन काढून दिली. त्यांनी दोन्ही हातात तोलून पाहिली, एक परत केलं आणि दुसरं, खुर्चीकडे जाताजाताच, उघडलं.